आजीसाठी शुभेच्छा: ‘औक्षवंत हो’ आणि ‘भारी आहेस तू’ एकाच मजकुरात

गेल्या वर्षी माझी आई 82 वर्षांची झाली. ती वाईला राहते आणि तिची थोरली नात, म्हणजे माझी भाची, नोकरीसाठी बंगळूरला. वाढदिवसाच्या आदल्या रात्री भाचीचा मला निरोप आला, “मावशी, आजीसाठी लिहिलंय. पण काहीतरी खटकतंय, बघ ना.” खाली मजकूर होता:

“प्रिय आजी, आपणास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शतायुषी भव! तुझ्यासारखं कोणीच नाही. लव्ह यू, रॉक ऑन आजी!”

तिचा हेतू मला आवडला. आजीला शोभेल असं काहीतरी जुनं त्यात हवं आणि ते आपल्या तोंडचंही वाटायला हवं, अशी तिची धडपड होती. पण मजकूर तीन जागी उसवलेला होता. ‘आपणास’ म्हणून सुरुवात केलेली आजी तिसऱ्या वाक्यात ‘तू’ झाली होती. ‘रॉक ऑन’ ती आजीसमोर आयुष्यात कधी म्हणाली नव्हती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नात आजीला आशीर्वाद देत होती.

त्या रात्री आम्ही दोघींनी फोनवर बसून तो मजकूर पुन्हा लिहिला. कसा लिहिला, ते इथे क्रमाने सांगते.

आधी दिशा बघा

आपल्याकडे आशीर्वाद वरून खाली येतो. मोठ्यांनी द्यायचा, लहानांनी वाकून घ्यायचा. ‘भव’ म्हणजे संस्कृतातलं ‘हो’, सरळ आज्ञार्थ. ‘शतायुषी भव’, ‘आयुष्मान भव’, ‘औक्षवंत हो’ ही सगळी वाक्यं देणाऱ्याचा हात घेणाऱ्याच्या डोक्यावर आहे असं धरून चालतात. नातीने आजीला ‘शतायुषी भव’ म्हटलं तर आजी रागावणार नाही, हसेल. पण वाक्य उलटं पडलेलं असतं आणि कानाला ते कळतं. भाचीला जे खटकत होतं ते बहुतेक हेच होतं, फक्त तिला बोट ठेवता येत नव्हतं. (‘आयुष्मान’ तर पुल्लिंगी आहे. स्त्रीसाठी ते ‘आयुष्मती’ होतं. तयार मजकूर उचलणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते.)

मग लहानांनी काय करायचं? मागायचं. आजीसाठी देवाकडे मागायचं. पसायदान आठवून बघा. ज्ञानेश्वर तिथे कुणाला काही देत नाहीत, विश्वात्मक देवाकडे सगळ्यांसाठी मागतात, आणि म्हणून त्यात ‘जावो’, ‘पाहो’, ‘लाहो’ अशी क्रियापदं येतात. या ‘ओ’कारात आज्ञा नसते, इच्छा असते. बहुतेक आज्यांना पसायदान पाठ असतं, त्यामुळे हा ‘ओ’ कानावर पडला की पुढे काय येणार हे त्यांना आपोआप कळतं. तुमच्या मजकुरातला जुना सूर इथून घ्यायचा.

‘जीवेत् शरदः शतम्’ हे वाक्य याच कारणाने चालतं. त्यात कुणाला ‘जग’ असं सांगितलेलं नाही. ‘शंभर शरद ऋतू जगावं’ अशी तिऱ्हाइताबद्दल बोलावी तशी इच्छा आहे. ते वापरायचं असेल तर नीट लिहा. ‘जी’ दीर्घ, ‘त्’चा पाय मोडलेला आणि ‘शरदः’मध्ये खरा विसर्ग. फोनवर घाईत विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाची दोन टिंबं टाकली जातात आणि ‘शरद’ व ‘शतम्’ यांच्यात फट पडते. शाळेत संस्कृत शिकलेली आजी असेल तर तिला ते पहिल्यांदा दिसेल.

तिचा स्वतःचा आशीर्वाद शोधा

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानते आणि इथेच घाई करू नये असं सांगते.

जुनं वाक्य बाहेरून आणू नका. तुमची आजी तुम्हाला नमस्काराच्या वेळी नेमकं काय म्हणते ते आठवा. प्रत्येक आजीचं वाक्य ठरलेलं असतं. कुणी ‘औक्षवंत हो’ म्हणतं, कुणी ‘उदंड आयुष्याची हो’, कुणी ‘सुखी राहा’, कुणी ‘मोठी हो’, कुणी ‘देव तुझं भलं करो’. ‘औक्ष’ म्हणजे आयुष्यच, बोलण्यात घासून गुळगुळीत झालेलं. आणि नुसते शब्द आठवून थांबू नका. ती ते म्हणताना काय करते? डोक्यावर हात ठेवते, पाठीवरून फिरवते, कानशिलावर बोटं मोडते? हातात खडीसाखर देते?

भाचीला हे विचारल्यावर ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “अगं, ती ‘औक्षवंत हो, शहाणी हो’ म्हणते आणि डोक्यावर दोन टपल्या मारते. दोनच. कधी तिसरी नाही.”

आमचा मजकूर त्या क्षणी सापडला. कारण जुनं आणि नवं यांना जोडणारा टाका नेमका इथे घालता येतो: “तू मला नेहमी अमुक म्हणतेस.” हे वाक्य रोजच्या भाषेत आहे, पण त्याच्या पोटात आशीर्वाद आहे. पारंपरिक शब्द अवतरणचिन्हात, आजीच्या आवाजात येतात. ते तुमच्या तोंडी उसने वाटत नाहीत, कारण ते तुमचे नाहीतच, तिचे आहेत. पुढच्या वाक्यात तुम्ही तेच शब्द देवाकडे वळवता, ‘तेच मी आज तुझ्यासाठी मागते’ असं म्हणता, आणि दिशेचा प्रश्नही सुटतो. लहानाने दिलेला आशीर्वाद राहत नाही, मोठ्याकडून मिळालेला आशीर्वाद परत तिच्यासाठी मागितलेला होतो.

आजीचं वाक्य आठवत नसेल तर आईला, काकूला, आतेला विचारा. तरीही सापडलं नाही, तर ती स्वतःसाठी देवाजवळ काय मागते ते विचारा. आमच्या घरच्या बायका दिवा लावताना ‘हातपाय चालते ठेव रे देवा’ म्हणतात. हे मागणं कुठल्याही तयार श्लोकापेक्षा तिच्या जास्त जवळचं आहे.

एक सावधगिरी. ‘अनायासेन मरणं, विना दैन्येन जीवनम्’ हा श्लोक पुष्कळ आज्यांच्या रोजच्या म्हणण्यातला असतो. त्यातला ‘विना दैन्येन जीवनम्’ हा तुकडा वाढदिवसाला सुंदर वाटेल असा मोह होतो. तो टाळा. अर्धा श्लोक ऐकला की उरलेला अर्धा तिच्या मनात आपसूक म्हटला जातो.

मागणं तीन पायऱ्यांचं करा

आता खुद्द मागण्याचं वाक्य. इथे माझी पद्धत ठरलेली आहे: एकच वाक्य, त्यात तीन मागण्या, आणि तिन्हींना तोच ‘ओ’.

पहिली मागणी पूर्ण पारंपरिक. ‘उदंड आयुष्य लाभो’, ‘औक्ष देवो’. इथे देवाचं नाव घ्या, आणि देव तिचाच हवा. रस्त्यावरच्या फलकांवर ‘आई तुळजाभवानी आपणास उदंड आयुष्य देवो’ असं आपण इतकं वाचलेलं असतं की ते वाक्य शिळं वाटतं. व्याकरणाने आणि दिशेने ते अगदी योग्य आहे. शिळेपणा येतो तो देवी सर्वांसाठी एकच ठेवल्यामुळे. आजी ज्या देवाला रोज हात जोडते त्याचं नाव घातलं की तेच वाक्य तिचं होतं. खंडोबा असेल, शांतादुर्गा असेल, पंढरीचा विठोबा असेल. माझी आई वाईच्या ढोल्या गणपतीला रोज जायची, आता चतुर्थीला जाते. म्हणून आम्ही ढोल्या गणपती घेतला.

दुसरी मागणी शरीराची, पण लाडाच्या भाषेत. प्रकृतीला उत्तम आरोग्य वगैरे नको. तिचं नेमकं काय दुखतं, आणि ते दुखणं नसतं तर तिला काय करायला आवडेल? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या उतरणं बंद झालंय. तेव्हा मागायचं ते गुडघे आणि घाट.

तिसरी मागणी अगदी रोजच्या जगण्यातली, फक्त तिलाच लागू पडेल अशी. आई रोज वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवते आणि एखादा चौकोन अडला तर दुपारची झोप सोडते. तिसरी मागणी त्या चौकोनाची.

तीन पायऱ्यांचं कारण असं की क्रियापद शेवटपर्यंत पसायदानाच्या सुरात राहतं आणि त्यातला ऐवज हळूहळू स्वर्गातून स्वयंपाकघरात उतरतो. त्यामुळे सांधा दिसत नाही. श्लोक वर आणि ‘लव्ह यू’ खाली असं ठेवलं की दोन वेगवेगळ्या माणसांनी एक पत्र लिहिल्यासारखं होतं. इथे एकच माणूस बोलत राहतो.

‘ओ’कार लिहिताना वचन सांभाळा. कर्ता अनेकवचनी असेल तर ‘त’ लागतो: ‘हातपाय चालत राहोत’, ‘गुडघे साथ देवोत’. ‘हातपाय चालत राहो’ हे कानाला लंगडं लागतं. आणि ‘तू शतायुषी होवो’ असं लिहू नका. ‘तू’साठी ‘होवोस’ हे रूप आहे, पण ते आता बोलण्यातून गेलं आहे. त्यापेक्षा ‘तुला आयुष्य लाभो’ अशी रचना सरळ आणि सुरक्षित.

चौथी मागणी घालू नका. भाचीला आणखी दोन सुचल्या होत्या. तीनपर्यंत वाक्याला लय राहते, पुढे ती किराणा मालाची यादी वाटू लागते. उरलेल्या दोन आम्ही पुढच्या वर्षासाठी ठेवल्या.

आजची भाषा: किती आणि कुठली

इथे माझा एकच नियम आहे. जो शब्द तुम्ही आजीसमोर, तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून बोललेला आहात, तोच लिहा. ‘भारी’ बहुतेक घरांत चालतो. ‘एक नंबर’ चालतो. ‘लय भारी’ कोल्हापूर-साताऱ्याकडच्या आजीला मुळातच आपला वाटेल, कारण ‘लय’ तिच्या बोलीतलाच आहे. ‘विषय हार्ड’ किंवा ‘क्वीन’ मित्रांच्या गटात ठीक. आजीला त्यांचा अर्थ दुसऱ्या कुणाला विचारावा लागतो आणि वाढदिवसाच्या दिवशी तिच्यावर ती वेळ येऊ नये.

इंग्रजी शब्दांचं मला वावडं नाही. ‘व्हिडिओ कॉल’, ‘चार्जर’, ‘रिपोर्ट’ हे शब्द आता आजीचेही आहेत. ते खुशाल घाला, मजकूर जिवंत होतो. ‘लव्ह यू’ मात्र विचार करून. ज्या घरात ते म्हटलं जातं तिथे ते खरं आहे. आमच्या घरात प्रेम सांगायची ती पद्धत नाही, तिथे ‘जेवलीस का’ने काम होतं. भाचीने ते काढलं आणि त्याजागी मेतकुटाची बरणी आली. ती बरणी आजी दर दिवाळीला तिच्या सामानात कोंबते.

हलकंफुलकं बोलणं कशाबद्दल करायचं यालाही मर्यादा आहे. तिच्या सवयींबद्दल करा. व्हिडिओ कॉलवर फोन असा धरायचा की समोरच्याला फक्त कपाळ दिसावं, हा आईचा नेम आहे आणि सगळं घर त्यावर हसतं, तीही हसते. वयाबद्दल, सुरकुत्यांबद्दल, कवळीबद्दल, विसराळूपणाबद्दल मात्र गंमत नको. ती स्वतः त्यावर विनोद करत असली तरी नको. स्वतः म्हणणं आणि लेखी येणं यात अंतर आहे, आणि लेखी आलेलं घरच्या गटावर सगळे वाचतात.

‘तू’ की ‘तुम्ही’ हा प्रश्न तर पहिल्या अक्षराआधीच सोडवा. तुम्ही तिला रोज जे म्हणता तेच. पुष्कळ घरांत आजीला ‘तू’ म्हणतात आणि त्यात आदर कमी नसतो. काही घरांत वडिलांच्या आईला ‘तुम्ही’ आणि आईच्या आईला ‘तू’ असतं. जे असेल ते शेवटपर्यंत एकच ठेवा. ‘आपण’ फक्त तेव्हाच, जेव्हा घरात खरोखर तसं बोलतात. शुभेच्छा देताना अचानक ‘आपणास’ सुरू झालं की आजीला वाटतं, हे कुठून तरी आलेलं पुढे पाठवलंय.

सगळं एकत्र

क्रम असा ठेवला: रोजच्या बोलण्याने सुरुवात, मग तिची एक सवय, मग ‘तू म्हणतेस’चा टाका, मग मागणं, मग नमस्कार, आणि शेवटी पुन्हा खाली रोजच्या बोलण्यात. श्लोकाने सुरुवात करायची नाही. सुरुवातीलाच श्लोक दिसला की लोक पुढचं वाचत नाहीत, हात जोडल्याची खूण पाठवून मोकळे होतात. भाचीचा शेवटचा मजकूर असा झाला:

“आजी, आज तुझा वाढदिवस आणि मी इथे तुझ्या मेतकुटाच्या बरणीचा तळ खरवडत बसलेय. काल व्हिडिओ कॉलवर अर्धा तास पुन्हा फक्त तुझं कपाळ दिसलं. चालेल, कपाळही भारी आहे तुझं.

मी निघताना तू दर वेळी म्हणतेस, ‘औक्षवंत हो, शहाणी हो.’ शहाणी व्हायला मला अजून थोडा वेळ लागेल. पण औक्ष मी आज तुझ्यासाठी मागून घेतलंय. ढोल्या गणपती तुला उदंड औक्ष देवो, तुझे गुडघे तुला घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत नेवोत, आणि शब्दकोड्यातला एकही चौकोन रिकामा न राहो.

इथूनच वाकून नमस्कार करते. डोक्यावरच्या दोन टपल्या तुझ्याकडे बाकी आहेत, दिवाळीला येऊन घेते.”

पहिल्या मजकुरातली ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ ही ओळ यात नाही, हे भाचीच्याच लक्षात आलं. तिला वाटलं राहून गेली. मी म्हटलं, हवी असेल तर घाल, पण ती काढल्याने काय कमी पडतंय ते आधी शोध. तिने दोनदा वाचलं आणि नाही घातली.

नमस्काराचं वाक्य मात्र गाळू नका. जुन्या पत्रांत ‘तीर्थरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ ही सुरुवात असे आणि नमस्कार झाल्याशिवाय मजकूर पुढे जात नसे. आज ते शब्द कोरडे वाटतात, पण कृती तीच आहे. ‘इथूनच वाकून नमस्कार’ एवढं पुरतं. त्याने आशीर्वादाचा रस्ता पुन्हा सरळ होतो आणि आजीला उत्तरात काय म्हणायचं ते कळतं. पत्रच लिहीत असाल आणि तो जुना मायना आवडत असेल, तर जरूर वापरा, फक्त त्याला लागूनच लगेच रोजचं वाक्य आणा: “तीर्थरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार. आजी, पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, फोन चालू आहे माझा.”

जिथे हा साचा बदलावा लागतो

आजोबा नसतील तर ‘अखंड सौभाग्यवती’ हा शब्द कुठूनही मजकुरात येता कामा नये. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण आमच्याच नात्यातल्या एकाने तयार शुभेच्छा जशीच्या तशी पुढे पाठवली आणि तो शब्द त्यात होता. आजीने काही म्हटलं नाही. दिवसभर तिने फोन मात्र हातात घेतला नाही. तसंच नावाआधी ‘सौ.’ लिहिण्याची सवय असेल तर तपासा. खरं तर ‘आजी’च्या आधी काहीच लागत नाही.

आजी नव्वदीच्या पुढे असेल तर शंभराचा आकडा सोडा. साठीत ‘शंभर वर्षं जग’ हे मोठं मागणं असतं, सत्त्याण्णवाव्या वर्षी तेच तीन वर्षांचं होतं. तिथे ‘उदंड’ वापरा, त्याला मोजमाप नाही. उलट 81 व्या वर्षाच्या आसपास आकडा फार गोड बसतो. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, अशा हजार पौर्णिमा व्हायला सुमारे 80 वर्षं 10 महिने लागतात. सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा त्यामुळेच त्या सुमाराला करतात. ‘आजी, तू हजार पौर्णिमा पाहिल्यास, त्यातली एक आपण गच्चीत मसाला दूध पीत एकत्र पाहिली’ हे वाक्य परंपरेतलंही आहे आणि तुमच्या कोजागरीचंही.

ती आजारी असेल किंवा ‘पुरे झालं आता’ म्हणण्याच्या मनःस्थितीत असेल, तर आयुष्य मागू नका. तिला ते ओझं वाटू शकतं. त्या वेळी मागणं लहान करा: रात्रीची झोप शांत लागो, तोंडाला चव येवो, सकाळचा चहा गोड लागो. पारंपरिक सूर ‘ओ’मध्ये आहे, आयुष्याच्या लांबीत नाही, म्हणून काही बिघडत नाही.

आजी बोली बोलणारी असेल तर तिचा आशीर्वाद प्रमाण भाषेत सुधारून लिहू नका. ती ‘शंबर वर्सं जग’ म्हणत असेल तर अवतरणात तसंच. तळकोकणातल्या घरांसाठी तर गाऱ्हाण्याचा साचा तयारच आहे. देवळात मानकरी सगळ्यांच्या वतीने ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. माझ्या एका मालवणकडच्या मैत्रिणीच्या घरी नातवंडांनी आजीसाठी असं गाऱ्हाणं घातलं. मोठ्या नातवाने एकेक ओळ म्हटली आणि बाकीच्यांनी, मुंबईतून, पुण्यातून, दुबईतून, कॉलवरच ‘व्हय म्हाराजा’ची साथ दिली. ते करायचं तर मनापासून करा, कारण गाऱ्हाणं हे खरंच देवापुढचं बोलणं आहे, नाटकातला प्रवेश नाही. गोव्याकडे ‘देव बरें करूं’ हे शब्द आभार मानतानाही रोज वापरतात, त्यामुळे तिथल्या नातवंडांना जुनं आणि आजचं जोडायला वेगळा टाका शोधावाच लागत नाही.

पाठवण्याआधी आणि पाठवताना

मजकूर मोठ्याने वाचा. ‘ओ’च्या वाक्यापाशी तुमचा वेग आपोआप कमी व्हायला हवा. तिथे जीभ अडखळली तर शब्द जड झालेत असं समजा आणि एखादा काढा. मग स्वतःला विचारा, हाच मजकूर मैत्रिणीच्या आजीला पाठवता येईल का? येत असेल तर तिसरी मागणी अजून सापडलेली नाही.

आजीला वाचताना त्रास होत असेल तर आवाजी संदेश पाठवा. आमचा वरचा मजकूर सावकाश म्हटला तर पाऊण-एक मिनिटाचा होतो, तेवढा पुरे. म्हणताना वाचल्यासारखं वाटू नये म्हणून भाचीने कागद उलटा ठेवला आणि आठवून बोलली. दोन शब्द बदलले, ते तसेच राहू दिले. कार्ड लिहिणार असाल तर अक्षर टपोरं, ओळींत जागा भरपूर, आणि मागण्याचं वाक्य मधोमध वेगळ्या ओळीवर. रंगीत कागदावर चंदेरी शाई चष्म्याखालून दिसत नाही, साध्या पांढऱ्यावर काळी किंवा निळी घ्या.

वेळही बघा. रात्री बाराला पाठवण्याची हौस आपली, तिची नाही. सकाळी तिची आंघोळ-पूजा झाल्यावर, घरचे औक्षण करतील त्याच्या आगेमागे पोचेल असं पाठवा. दूर असलेल्या नातवंडांसाठी ती चांगली वेळ आहे, ताम्हणातलं निरांजन अजून तेवत असतं आणि जवळची एक खुर्ची रिकामी आहे हे सगळ्यांना जाणवत असतं.

आणि तारीख खरी आहे ना ते एकदा विचारून घ्या. त्या पिढीत पुष्कळांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना 1 जून लिहिली गेली. कागदावर 1 जून असेल आणि ती ‘माझा जन्म नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा’ म्हणत असेल, तर खरा वाढदिवस तिचा तो. त्या तिथीला पाठवलेल्या चार ओळी तिला जास्त सुखावतील.

भाचीचा संदेश आईने औक्षणानंतर ऐकला. मी तिथेच होते. ‘औक्षवंत हो, शहाणी हो’ हे नातीच्या आवाजात आलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, आणि शब्दकोड्याच्या चौकोनाला मोठ्याने हसली. मग फोन तोंडाजवळ धरून उत्तर दिलं: “औक्षवंत हो. शहाणी झालेली आहेस.” त्यानंतर तिने फोनच्या काचेवर बोटाने दोन टपल्या मारल्या. ध्वनिमुद्रणात त्या स्पष्ट ऐकू येतात, टक टक.